आधी क्लायंटच्या खुर्चीत बसा: एका छोट्या सलॉनचे लाईट, गाणी, वास आणि वेटिंग

मैत्रिणीचं छोटं सलॉन आहे. तीन खुर्च्या, एक वॉश बेसिन, दाराशी एक लांब बाक आणि मागे कलर कालवायला जेमतेम एक टेबल, बस एवढंच. हात तिचा एकदम चांगला आहे, कटिंगला तर कोणी नाव ठेवू शकत नाही. तरी वर्षभर तिचं एकच रडगाणं चालू होतं, की बायका कट करून जातात पण कलर, हायलाईट, स्पा असं दीड-दोन तास बसायचं काम घ्यायला तयार होत नाहीत, आणि एकदा कलर केलेल्यांपैकीही काही जणी पुढच्या वेळी फक्त कटलाच येतात. विचारलं तर "छान झालंय गं" म्हणतात. चुकलं काय ते कोणी सांगत नाही.

तिने मनाशी पक्कं केलं होतं की जागा भारी दिसत नाही म्हणून असं होतंय. फॉल्स सीलिंग, लेदरचा सोफा, सुगंध सोडणारं मशीन, मोठे स्पीकर अशी यादी तयार होती आणि त्यासाठी कर्ज काढायचं चाललं होतं. मी स्वतः बरीच वर्षं खुर्चीमागे उभी राहिलेली बाई, म्हणून म्हटलं थांब जरा, एक दिवस मला तुझ्याकडे क्लायंट म्हणून बसू दे, मग काय घ्यायचं ते बघू. आणि नुसतं पाच मिनिटं टेकायचं नाही, जिथे क्लायंट जितका वेळ असते तिथे तितकाच वेळ बसायचं. म्हणजे बाकावर पंधरा मिनिटं, बेसिनवर मान टाकून दहा मिनिटं, आणि कलर लावल्यावर बसतात तशी केप घालून, चष्मा काढून, खुर्चीत चाळीस मिनिटं.

हे एवढं मुद्दाम सांगतेय कारण सगळी गंमत इथेच आहे. आपण दिवसभर उभे असतो, खाली बघत असतो आणि सतत हलत असतो. क्लायंट बसलेली किंवा आडवी असते, वर किंवा समोर बघत असते आणि हलू शकत नाही. एकाच खोलीत असून दोघींना दोन वेगळ्या खोल्या दिसतात. मैत्रीण सहा वर्षं त्या जागेत काम करतेय, पण स्वतःच्या बेसिनवर मान टाकून ती एकदाही पडली नव्हती.

बेसिनपासून सुरुवात

बेसिनवर पडले आणि पहिल्या दहा सेकंदातच डोळे मिटले. बरोब्बर डोक्यावर उघडी ट्यूब. डोळे मिटले तरी पापण्यांमधून लाल लाल उजेड येतोच. मानेखाली बेसिनची कड रुतत होती, पाय अधांतरी लटकत होते आणि दाराशेजारच्या शेल्फवरचा स्पीकर वाजत असल्यामुळे हेल्पर मुलगी पाण्याबद्दल काय विचारतेय ते कळत नव्हतं. मी "हो हो" म्हणून टाकलं. मग लक्षात आलं की सगळ्या हेच करतात, पाणी जास्त गरम असलं तरी "ठीक आहे" म्हणून मोकळ्या होतात.

म्हणून पहिला बदल बेसिनवर केला आणि त्याला जवळपास काहीच लागलं नाही. ती ट्यूब इतर ट्यूबच्याच स्विचवर होती. इलेक्ट्रिशियनकडून तिचा स्विच वेगळा करून घेतला आणि वॉशच्या वेळी ती बंदच ठेवायला सुरुवात केली. पण काळोखात वॉश करता येत नाही, कपाळाच्या कडेला आणि कानामागे कलर राहिलाय का ते दिसलं पाहिजे. म्हणून बाजूच्या भिंतीवर एक साधा वॉल लॅम्प लावला, ज्याचं तोंड भिंतीकडे आहे, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून मऊ होऊन येतो. वॉश करणारीच्या पाठीमागे दिवा लावू नका, तिचीच सावली केसांवर पडते. पाण्याजवळ वायरिंग आहे म्हणून हे काम घरच्या घरी करायचं नाही, आणि दिवा शिंतोडे उडतील त्या अंतराच्या बाहेर ठेवायचा.

मानेसाठी हातरुमालाच्या आकाराचा टॉवेल घट्ट गुंडाळून कडेवर ठेवायचा, प्रत्येकीला नवीन. पायाखाली एक ठेंगणं स्टूल. हे लाईट, गाणी, वास यातलं काहीच नाही हे कळतं मला, पण मान दुखत असेल तर बाकी कितीही छान केलं तरी तिला आठवणार मानच.

लाईट, आणि आम्ही केलेली मोठी चूक

सलॉनमध्ये छताच्या मधोमध ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक ट्यूब होत्या. खुर्चीत बसल्यावर उजेड वरून आणि थोडा मागून येत होता, त्यामुळे आरशात माझ्या डोळ्यांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली काळ्या सावल्या. चार रात्री झोपले नसल्यासारखी दिसत होते. आता विचार करा, एखादी बाई स्वतःला छान वाटावं म्हणून येते आणि तासभर तिला स्वतःचा हाच चेहरा बघावा लागतो.

मी सहज बोलून गेले की उजेड जरा ऊबदार हवा. मैत्रिणीने उत्साहात दुसऱ्याच दिवशी सगळीकडे २७०० केल्विनचे पिवळे बल्ब लावून टाकले. खोली एकदम घरासारखी वाटायला लागली, सगळे खूष. चौथ्या दिवशी एका क्लायंटचं हायलाईट नंतरचं टोनर चालू होतं. मैत्रीण नेहमीप्रमाणे एक बट टॉवेलने पुसून बघत होती, पिवळेपणा गेला का. तो जातच नव्हता. जाणार कसा, बल्बच पिवळा. तिने टोनर आणखी ठेवलं, परत बट पुसली, परत ठेवलं, आणि शेवटी धुवून ड्राय केल्यावर आत सगळं मधासारखं सुंदर दिसलं. क्लायंट दाराबाहेर उन्हात गेली, मोबाईलचा कॅमेरा उघडला आणि तशीच परत आत आली. बाहेर केस राखाडी, जांभळट, निस्तेज दिसत होते. टोनर जास्त झालं होतं.

त्या दिवशी आम्हाला आधीचं कोडंही सुटलं. पांढऱ्याफेक ट्यूबखाली उलटं होत होतं. त्या उजेडात केस असतात त्यापेक्षा थंड, म्हणजे राखाडीकडे झुकलेले दिसायचे, मैत्रिणीला वाटायचं तांबूसपणा गेला, ती वेळेआधी धुवायची आणि क्लायंट घरी गेल्यावर उन्हात केस तांबडे दिसायचे. कलरला परत न येणाऱ्यांपैकी काही जणींचं कारण बहुधा हेच असणार. हात चांगला, प्रॉडक्ट चांगलं, पण ज्या उजेडात निर्णय घेतला तो उजेडच खोटं सांगत होता.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची सरमिसळ होते. केल्विन म्हणजे उजेड पिवळा की निळसर. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, कमाल १००. साध्या एलईडीला बऱ्याचदा ८० च्या आसपास असतो, ते जिन्यात, स्टोअर रूममध्ये चालतं. केस आणि त्वचेचे रंग बघायला ९० किंवा वर हवा, आणि त्यातही लाल रंग नीट दाखवणारा हवा, कारण केसांच्या कलरमध्ये सगळी मारामारी तांबूस-लाल छटांचीच असते. बॉक्सवर सीआरआय किंवा आरए असं लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर तो आरशाजवळ लावू नका, एवढा साधा नियम आम्ही ठेवला.

शेवटी ठरवलं असं की आरशाजवळ ४००० केल्विन, सीआरआय ९० च्या वर, आणि बेसिन व वेटिंगला ३००० केल्विन. आरशाच्या वर एक दिवा लावण्याऐवजी दोन्ही बाजूंना उभ्या, दुधी कव्हरच्या दोन-दोन फुटी पट्ट्या लावल्या, मध्यभाग बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल अशा. जमिनीपासून साधारण १२० ते १३० सेंटिमीटर, पण खुर्ची तुम्ही किती वर घेता त्यावर हे बदलतं म्हणून आधी कोणाला तरी बसवून भिंतीवर पेन्सिलने खूण करा. दोन्ही बाजूंनी समान उजेड आला की सावल्या एकमेकींना खोडतात. छताच्या ट्यूबपैकी अर्ध्या बंद करायच्या, सगळ्या नाही, कारण मागचे केस कापताना आणि फरशीवरचं पाणी दिसायला वरून थोडा उजेड लागतोच. हेअरकटिंगच्या जागेला ५०० लक्सच्या आसपास उजेड धरतात. मोबाईलचं लक्स अ‍ॅप अचूक आकडा देत नाही, पण तीनही खुर्च्यांची आपापसात तुलना करायला पुरतं, आणि आमची भिंतीकडची खुर्ची बाकी दोघींपेक्षा बरीच काळोखी निघाली.

तिन्ही आरशांना एकदम पट्ट्या घेतल्या नाहीत. आधी फक्त मधल्या खुर्चीला लावल्या आणि दोन आठवडे बघितलं. जिथे बसायची निवड क्लायंटला होती तिथे बहुतेक जणी आपणहून मधल्या खुर्चीकडे जायला लागल्या आणि सेल्फीही तिथेच काढायला लागल्या. मग दुसऱ्या खुर्चीला घेतल्या.

पट्टी घेताना दुकानातच ती चालू करून मोबाईल कॅमेऱ्यातून बघा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतोय. डोळ्यांना थेट दिसत नाही, पण दीड तास समोर बसलेल्याचं डोकं चढू शकतं. आमची पहिली पट्टी अशीच निघाली, परत केली. आणि डिमर लावायचा मोह होईल, पण डिमरसाठी न बनवलेला एलईडी डिमरवर गुणगुणतो नाहीतर लुकलुकतो. दोन वेगळे स्विच हाच गरिबाचा डिमर.

अजून एक, भिंतीचा रंग. भिंतीकडच्या खुर्चीशेजारी पोपटी भिंत होती. कितीही चांगला दिवा लावा, त्या भिंतीवरून परतणारा उजेड हिरवट होऊन गालावर पडतो आणि चेहरा आजारी दिसतो. एक भिंत फिकट ऑफ-व्हाईट रंगवली, उरलेल्या तशाच ठेवल्या.

गाणी

इथे फार खर्चाचं काही नव्हतंच, सवयीचं होतं. सकाळी पहिला ड्रायर चालू झाला की गाण्याचा आवाज ऐकू येत नाही म्हणून हेल्पर तो वाढवायची. ड्रायर बंद झाला की कमी करायचं कोणाच्या लक्षात नाही. मग सगळ्या त्या आवाजावर बोलायच्या, म्हणजे अजून मोठ्याने, आणि संध्याकाळपर्यंत खोलीत नुसता गोंगाट. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं होतं. म्हणजे कोणाला "हळू बोल" सांगून उपयोग नाही, मुळातला आवाज कमी करावा लागतो.

आमचा नियम असा झाला, की सगळे ड्रायर बंद असताना बेसिनवर पडलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलून बघायचं, तिला एकदा बोलल्यावरच कळलं पाहिजे. तिथे आवाजाच्या बटणावर पेनाने खूण केली आणि ड्रायर चालू असताना ती ओलांडायची नाही. ड्रायरमध्ये गाणं बुडालं तर बुडू दे, ड्रायरशी स्पर्धा कोणी जिंकत नाही.

स्पीकर दाराशेजारच्या शेल्फवर, म्हणजे बाकावर बसणाऱ्याच्या कानाशी आणि खुर्च्यांपासून लांब होता. त्यामुळे वेटिंगला ठणाणा आणि खुर्चीत अर्धवट ऐकू यायचं. तो काढून खोलीच्या मधल्या भिंतीवर, डोक्याच्या वर ठेवला, कोपऱ्यापासून लांब, कारण कोपऱ्यात ठेवला की ढबढब वाढते. खाली रबरी तुकडा. एवढ्यानेच आवाज पहिल्यापेक्षा बराच कमी ठेवून सगळीकडे सारखा पोचायला लागला.

सगळ्यात जास्त त्रास मात्र गाण्यांचा नव्हताच. मैत्रिणीचा स्वतःचा फोन स्पीकरला जोडलेला असायचा. हेअर स्पा चाललाय, क्लायंटचे डोळे मिटलेत, आणि अचानक अख्ख्या सलॉनमध्ये फोनची रिंगटोन. त्यात फुकटच्या अ‍ॅपवर दर थोड्या वेळाने किंचाळणारी जाहिरात. एक जुना पडून असलेला फोन शोधला, एअरप्लेन मोडवर टाकला, ब्लूटूथ तेवढं चालू केलं आणि गाणी आधीच डाउनलोड करून ठेवली. प्लेलिस्ट निदान चार तासांची, कारण मोठ्या कलरला तीन तास बसलेल्या क्लायंटला तेच गाणं परत ऐकू आलं की "अरे, आपण इतका वेळ बसलोय" हे जाणवतं. स्टाफ तर दिवसभर ऐकतो, त्यांना विचारूनच यादी केली. शब्द असलेली गाणी चालतात, पण शब्द ओळखीचे आणि आवाज मोठा असला की गप्पांच्या आड येतात, म्हणून वॉश आणि स्पाच्या वेळी वाद्यसंगीत जास्त ठेवलं.

आणि हो, धंद्याच्या जागी गाणी वाजवायला बहुतेक देशांत वेगळं लायसन्स लागतं आणि घरच्या वापराचं सबस्क्रिप्शन त्यात बसत नाही. आपल्याकडे काय नियम आहे ते आधी विचारून घ्या, किंवा धंद्यासाठीच परवानगी दिलेलं संगीत वापरा.

वास

वासाबद्दल मैत्रीण ठाम होती की तिच्या सलॉनला वास येतच नाही. दाराशी प्लगला लावायचा मोगऱ्याचा फ्रेशनर होता आणि प्रत्येक कलरनंतर रूम स्प्रे मारला जायचा. मी दारातून आत आले तेव्हा मला आधी मोगरा आला, त्याच्यामागे अमोनिया आणि त्याच्याही मागे ओल्या टॉवेलचा कुबट वास. तीनही एकत्र.

ती खोटं बोलत नव्हती. नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि मग तो जाणवेनासा होतो. म्हणून जी आत काम करते तिने स्वतःच्या सलॉनचा वास ठरवूच नये. तिला वीस मिनिटं बाहेर फिरायला पाठवलं आणि परत येताना दारात थांबून पहिल्या श्वासात काय आलं ते सांग म्हटलं. दारातच तिचा चेहरा पडला. "अगं, हे रोज असं असतं?"

सुगंध हा वास घालवत नाही, त्याच्यावर चादर टाकतो. वर काही जणींना त्या चादरीचाच त्रास होतो, मायग्रेन असेल, दमा असेल, दिवस गेलेले असतील तर जास्तच. एक काकू नेहमी दारातच उभ्या राहून "झालं की हाक मार" म्हणायच्या. आम्हाला वाटायचं त्यांना फोनवर बोलायचं असतं. फ्रेशनर काढल्यावर त्या आत येऊन बसायला लागल्या, तेव्हा कळलं.

म्हणून आधी वास येतो कुठून ते शोधलं. कलर कालवलेले बाऊल आणि ब्रश काम संपेपर्यंत तसेच उघडे पडलेले असायचे, वापरलेल्या फॉइल उघड्या डब्यात, ओले टॉवेल बेसिनखालच्या बादलीत संध्याकाळपर्यंत. आता बाऊल लगेच धुतला जातो, डब्याला पायाने उघडणारं झाकण आहे, टॉवेल झाकणाच्या टोपलीत जातात आणि दुपारी एकदा धुवायला निघतात. बेसिनची केसांची जाळी रोज रात्री साफ होते. आणि मागच्या बाजूला फरशीत एक मोरीची जाळी होती जी कोणी वापरतच नव्हतं. अशा न वापरलेल्या मोरीच्या वाकड्या पाइपात अडवून धरणारं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. आठवड्यातून एकदा मगभर पाणी ओतायचं, संपला विषय.

मग एक्झॉस्ट फॅन. फॅन होता, फिरत होता, आवाजही भरपूर करत होता, पण हवा ओढतच नव्हता. टिश्यूचा एक तुकडा त्याच्या जाळीशी धरला तर तो चिकटायला हवा, आमचा नुसता थरथरून खाली पडला. कारणं दोन होती. पाती केस आणि स्प्रेच्या चिकट थराने जाड झाली होती, आणि एसीसाठी सगळी दारं-खिडक्या बंद असल्यामुळे फॅनला ओढायला आत हवाच येत नव्हती. जेवढी बाहेर जाईल तेवढी कुठून तरी आत यायला हवी. पाती साफ केली आणि फॅनच्या समोरच्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवायला लागलो, म्हणजे हवा खोली ओलांडून जाते. टिश्यू जाळीला चिकटला. त्यानंतर कलर कालवायचं टेबल उचलून थेट फॅनखाली नेलं. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो, म्हणून वरचा फॅन त्याला बरोबर पकडतो. एसीला थोडं जास्त काम पडतं, ते मान्य केलं.

एवढं झाल्यावर सुगंधाची गरजच जाणवेना. मैत्रिणीला तरी काहीतरी हवं होतं, म्हणून फक्त दाराशी, बसणाऱ्यांपासून लांब, लिंबाच्या हलक्या वासाचा छोटा रीड डिफ्यूझर ठेवला, आठ काड्यांऐवजी दोनच काड्या घालून. कोणी विचारलं "कसला वास आहे" तर तो जास्त झालाय असं समजून एक काडी काढायची. मेणबत्त्या मात्र नकोच म्हटलं, दिसायला छान असतात पण हेअर स्प्रेच्या डब्यातला गॅस पेट घेतो आणि तिथे उघडी ज्योत म्हणजे आमंत्रण.

केस सरळ करायच्या काही ट्रीटमेंटमध्ये गरम इस्त्री फिरवली की फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, त्याने डोळे चुरचुरतात, घसा धरतो. हा वास नाही, हे विषारी आहे, आणि याला साधा फॅन, खिडकी पुरेलच असं नाही. बाटलीवर "फॉर्मल्डिहाइड नाही" असं लिहिलेलं असलं तरी आतला मेथिलीन ग्लायकॉल नावाचा घटक गरम झाल्यावर तेच सोडतो. मैत्रिणीने घटक वाचून एक प्रॉडक्ट बंदच केलं.

वेटिंग

बाक दाराशी होता आणि तोंड सरळ आरशांकडे. म्हणजे वाट बघणारी बाई समोर फॉइल लावून बसलेल्या बाईकडे टक लावून बघणार, कारण दुसरं बघायला काही नाही. खुर्चीतून मला आरशात बाकावरच्या दोघींचे डोळे दिसत होते. आरशाचा हिशोब सोपा आहे, तुम्हाला ज्याचे डोळे दिसतात त्याला तुमचे दिसतात. डोक्याला कलर चोपडलेला, केस वर बांधलेले, अशा अवतारात अनोळखी माणसांनी बघावं असं कोणाला वाटेल?

बाक काटकोनात फिरवून बाजूच्या भिंतीला लावला. मग प्रत्येक खुर्चीत बसून खात्री केली, दोन खुर्च्यांमधून कोणाचे डोळे दिसत नाहीत, तिसरीतून एका टोकाचे दिसतात, तिथे एक उंच कुंडी ठेवली. तीन माणसांच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसतात आणि तिसरी उभी राहते, म्हणून नंतर बाक मागे नेला आणि मैत्रिणीच्या घरातल्याच तीन सुट्या खुर्च्या आणल्या, हात असलेल्या, बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास. लेदरचा खोल सोफा घेतला नाही ते फार बरं झालं, त्यातून वयस्कर बायकांना उठताच येत नाही. खुर्च्यांच्या बाजूला पर्ससाठी हुक आणि एक चार्जिंग पॉइंट.

पण वेटिंगचा खरा त्रास खुर्चीचा नसतो, किती वेळ ते माहीत नसण्याचा असतो. "झालंच, पाच मिनिटं" हे मैत्रिणीचं ठरलेलं वाक्य, आणि ती पाच मिनिटं वीस व्हायची. आता ती अंदाजापेक्षा थोडं जास्त सांगते. पंधरा लागतील वाटलं तर "वीस मिनिटं लागतील, चालेल ना?" आणि उशीर होणार हे दिसलं की क्लायंट घरून निघायच्या आधीच तिला मेसेज करते. सुरुवातीला तिला भीती वाटायची की वीस ऐकून बाई निघून जाईल. एक-दोन गेल्या, पण वेळ सांगून परत आल्या.

आणि आता ते, जे मला चाळीस मिनिटं खुर्चीत बसल्याशिवाय कधीच कळलं नसतं. सलॉनमधली सगळ्यात लांब वेटिंग बाकावर नसते. ती कलर लावून बसलेल्या बाईची असते. कलर लागला की सगळे तिला सोडून दुसरीकडे जातात. चष्मा काढून ठेवलेला असतो, कारण काड्यांना कलर लागतो, त्यामुळे मोबाईल वाचता येत नाही, आरशात धूसर आपणच, हात केपच्या आत, आणि किती वेळ गेला ते कळत नाही. मला चाळीस मिनिटं दीड तासासारखी वाटली.

त्यावर उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा होता. किचनमध्ये वापरतात तो पारदर्शक प्लास्टिक रॅप, त्याच्या पट्ट्या कापून चष्म्याच्या दोन्ही काड्यांना गुंडाळायच्या आणि चष्मा परत द्यायचा. हात बाहेर काढता येतील अशी केप. शेजारच्या ट्रॉलीवर पाणी आणि एक टायमर, क्लायंटकडे तोंड केलेला, म्हणजे किती राहिलं ते तिला दिसतं. आणि मध्ये एकदा, निम्म्या वेळेला, कोणीतरी जाऊन बट बघायची आणि काय दिसतंय ते बोलून सांगायचं. "ताई, छान चढतोय, अजून वीस मिनिटं." हेल्पर मुलीला हे वाक्य शिकवावं लागलं, ती आधी नुसती बघून निघून जायची.

वहीत काय आलं

सहा आठवडे एका वहीत तीनच गोष्टी लिहिल्या. क्लायंटने "अजून किती वेळ" विचारलं का, बेसिनवर कपाळावर हात घेतला किंवा मान हलवली का, आणि जाताना पुढची वेळ ठरवली का. नुसतं "कसं वाटलं" विचारलं तर सगळ्या छानच म्हणतात, म्हणून बघून लिहायचं ठरवलं. बेसिनवरचं हात घेणं पहिल्याच आठवड्यात जवळजवळ थांबलं. "किती वेळ" हा प्रश्न टायमर आल्यावर कमी झाला. पुढची वेळ ठरवणं हळूहळू वाढलं, पण त्यात लग्नसराई आणि सुट्ट्याही येतात, त्यामुळे ते सगळं दिव्यांचं आणि खुर्च्यांचं श्रेय असं मी म्हणणार नाही. कलर बाहेर वेगळा दिसतो ही तक्रार मात्र आरशाच्या पट्ट्या लागल्यापासून एकदाही आली नाही, आणि तरी मैत्रीण टोनर धुवायच्या आधी शेवटची बट खिडकीशी नेऊनच बघते.

खर्चाची यादी केली तर पट्ट्या, वॉल लॅम्प, इलेक्ट्रिशियन, एका भिंतीचा रंग आणि झाकणाचे डबे. तिच्या मूळ कर्जाच्या जवळपासही नाही. भिंतीकडच्या खुर्चीला अजून पट्ट्या लावायच्या राहिल्यात, तिथे सध्या फक्त कट आणि ब्लो ड्राय होतो, कलर करत नाहीत. जुन्या ड्रायरचा आवाज तसाच आहे, तो बदलेल तेव्हाच कमी होईल. आणि प्लगचा मोगरा ड्रॉवरमध्ये आहे, मैत्रिणीला अजून टाकवत नाही.